हॉटेलच्या रूम रेव्हेन्यूचं ऑडिट : एका रात्रीचा हिशेब, खोलीपासून बँकेपर्यंत

रूम रेव्हेन्यू तपासायला बसलेला माणूस बहुधा एकाच चुकीने सुरुवात करतो. पीएमएसमधून, म्हणजे बुकिंगच्या सॉफ्टवेअरमधून, महिन्याची विक्री काढतो. शेजारी त्याच पीएमएसमधून निघालेली रोख, कार्ड आणि यूपीआयची जमा मांडतो. राहिलेला फरक 'अॅडव्हान्स आणि उधारी' म्हणून लिहून फाइल बंद करतो. आकडे जुळतात यात नवल नाही, कारण दोन्ही बाजू एकाच मशीनने छापलेल्या असतात. जी खोली पीएमएसमध्ये कधी चढलीच नाही, ती या पद्धतीने जन्मात सापडणार नाही.

म्हणून इथे महिना बाजूला ठेवून एकच रात्र घेतली आहे आणि ती शेवटपर्यंत नेली आहे. नमुन्यासाठी नागपुरात वर्धा रोडवरचं ४२ खोल्यांचं एक काल्पनिक हॉटेल धरू. डिसेंबर महिना, विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू, शहरभर खोल्यांना मागणी. एक रात्र नीट करता आली की बाकीच्या रात्रींना तीच चौकट लागते.

## तयारी : कागद कोणाकडून आणि कोणत्या क्रमाने

क्रम इथे फार महत्त्वाचा आहे. रिसेप्शनला 'ऑडिट आहे' असं कळण्याआधी हाउसकीपिंगचे कागद हातात हवेत. रूम अटेंडंट पैशाला हात लावत नाही, त्याचा कागद सहसा कोणी 'दुरुस्त' करत नाही, आणि म्हणूनच तो तुमचा पहिला साक्षीदार.

१. हाउसकीपिंगचा संध्याकाळचा आणि सकाळचा ऑक्युपन्सी रिपोर्ट, शिवाय प्रत्येक अटेंडंटची हाताने भरलेली मूळ शीट. टाइप केलेला गोषवारा नको.
२. लाँड्रीला गेलेल्या लिननची नोंदवही.
३. मेंटेनन्सची जॉब कार्डं, निदान आउट ऑफ ऑर्डर दाखवलेल्या खोल्यांची.
४. की-कार्ड एन्कोडरचा लॉग : कोणत्या खोलीचं कार्ड, किती वाजता, कोणाच्या लॉगिनने बनलं.
५. पाहुण्यांची रजिस्ट्रेशन कार्डं. परदेशी पाहुणे असतील तर सी फॉर्मच्या पावत्याही, कारण तो फॉर्म २४ तासांत ऑनलाइन भरावा लागतो आणि त्याची नोंद हॉटेलच्या बाहेर राहते.
६. त्यानंतर पीएमएस : रूम स्टेटस, रूम रेव्हेन्यू, रेट बदलांचा लॉग, व्हॉइड म्हणजे रद्द केलेल्या नोंदी आणि अलाउन्स म्हणजे बिलात दिलेली सूट यांची यादी, गेस्ट लेजर, कॅशियर रिपोर्ट.
७. शेवटी पैशाचे बाहेरचे पुरावे : ईडीसी, म्हणजे कार्ड मशीनच्या बॅच स्लिपा, यूपीआयचा सेटलमेंट रिपोर्ट, बँक स्टेटमेंट.

पीएमएसचे रिपोर्ट स्वतः समोर उभं राहून काढून घ्या आणि पीडीएफसोबत एक्सेलमध्येही घ्या. कोणी ई-मेलने 'तयार करून' पाठवलेली एक्सेल शीट पुरावा म्हणून चालत नाही. तिच्यातून एक ओळ गेली तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही.

## टप्पा १ : 'आज' कधी संपतो ते ठरवा

हॉटेलची तारीख मध्यरात्री बदलत नाही. नाइट ऑडिट चालवून डे क्लोज केला की बदलते. आपल्या नमुन्यात ते रात्री २.१० ला झालं. कार्ड मशीनचं ऑटो सेटलमेंट मात्र रात्री ११ ला होतं आणि यूपीआयचा रिपोर्ट कॅलेंडरच्या तारखेने निघतो. म्हणजे एकाच रात्रीला तीन वेगवेगळ्या ठिकाणी कात्री लागते.

हे आधी कागदावर लिहून घेतलं नाही, तर पुढे दिसणारा प्रत्येक फरक 'टायमिंगचा' वाटतो. उलट दिशेनेही चूक होते. टायमिंगचा साधा फरक चोरी म्हणून रिपोर्टमध्ये जातो आणि मग तुमच्या बाकीच्या मुद्द्यांनाही कोणी विचारत नाही.

तपासा : बँक स्टेटमेंट आणि बॅच स्लिपा एका दिवसाच्या नव्हे, निवडलेल्या रात्रीच्या आदल्या आणि पुढच्या दिवसासह तीन दिवसांच्या घेतल्या आहेत का?

## टप्पा २ : खोल्या मोजा, पैसे नंतर

पीएमएसचा त्या रात्रीचा रूम स्टेटस असा आहे : विकलेल्या ३१, कॉम्प्लिमेंटरी २, हाउस यूज म्हणजे हॉटेलच्या स्वतःच्या वापरात १, आउट ऑफ ऑर्डर ३, रिकाम्या ५. बेरीज ४२. म्हणजे पीएमएसच्या म्हणण्यानुसार ३४ खोल्यांत माणसं झोपली.

हाउसकीपिंगचा सकाळचा रिपोर्ट म्हणतो : वापरात ३५, आउट ऑफ ऑर्डर २, रिकाम्या ५. बेरीज इथेही ४२. नुसती बेरीज बघणारा इथेच फसतो. एकूण जुळलं, पण आतली एक खोली जागा बदलून बसली आहे. म्हणून दोन्ही याद्या खोली क्रमांकाने शेजारी शेजारी लावायच्या आणि ४२ ओळी एक एक करून बघायच्या. दहा मिनिटांचं काम आहे.

आपल्या नमुन्यात फरक निघतो तो २१४ मध्ये. पीएमएसमध्ये 'आउट ऑफ ऑर्डर, एसी बंद', हाउसकीपिंगमध्ये 'वापरात'.

लगेच निष्कर्षावर उडी मारू नका. आधी साधी कारणं संपवा. रात्री कोणाची खोली बदलून दिली आणि पीएमएसमध्ये रूम चेंज करायचा राहिला, असं सर्रास होतं. पण तसं असतं तर २१४ वापरात आणि दुसरी एखादी 'विकलेली' खोली रिकामी सापडली असती. इथे तशी जोडी नाही. दुसरी शक्यता कर्मचारी किंवा एखाद्या पाहुण्याचा ड्रायव्हर तिथे झोपला. त्यासाठी ड्युटी मॅनेजरच्या लॉगबुकात नोंद हवी, तीही नाही.

आता पुरावे एकावर एक ठेवा. मेंटेनन्सकडे २१४ चं जॉब कार्ड नाही. एसी बिघडलेला असता तर तक्रार क्रमांक पडला असता. (मे महिन्यात नागपुरात एसीच्या नावाने खोली बंद दाखवली तर कोणाला शंका येत नाही. डिसेंबरात त्यासाठी खोली बंद ठेवणं हेच मुळात विचित्र.) अटेंडंटच्या शीटवर २१४ समोर दोन चादरी, चार उशांचे अभ्रे आणि दोन टॉवेल बदलल्याची खूण आहे. एन्कोडरच्या लॉगमध्ये २२.३७ ला २१४ चं कार्ड बनलेलं आहे, रात्रपाळीच्या लॉगिनने. तीन वेगवेगळ्या हातांचे तीन कागद एकच गोष्ट सांगत आहेत : खोली विकली गेली आणि पुस्तकात आली नाही.

आउट ऑफ ऑर्डरइतकंच लक्ष डे यूजवर द्या. नागपूर हे दिल्ली–चेन्नई आणि हावडा–मुंबई या दोन्ही रेल्वेमार्गांवरचं जंक्शन. गाड्या वाट्टेल त्या वेळी येतात आणि चार-सहा तासांसाठी खोली मागणारा माणूस रोज असतो. सकाळी ११ ला चेक-आउट झालेली खोली १ ते ६ दिली आणि रात्री पुन्हा विकली, तर रात्रीच्या कोणत्याही रिपोर्टमध्ये मधला पाहुणा दिसत नाही. तो सापडतो दोनच ठिकाणी : एकाच खोलीचं लिनन एका दिवसात दोनदा बदललेलं असतं, किंवा एन्कोडरवर दुपारी कार्ड बनलेलं असतं. लिनन वहीत एका तारखेला दोनदा आलेले खोली क्रमांक पेन्सिलने गोल करा आणि प्रत्येकाचं बिल मागा.

इशारा : कॉम्प्लिमेंटरी आणि हाउस यूज खोल्यांना 'महसूल नाही' म्हणून सोडून देऊ नका. प्रत्येकीमागे सही केलेलं मंजुरीपत्र हवं, आणि सहीची तारीख मुक्कामाच्या आधीची हवी.

## टप्पा ३ : खोली गुणिले दर

आता विकलेल्या ३१ खोल्यांचं अपेक्षित उत्पन्न स्वतः काढायचं. पीएमएसचा रेव्हेन्यू रिपोर्ट तोपर्यंत उघडायचा नाही, नाहीतर डोळा त्याच आकड्याकडे ओढला जातो. दर घ्यायचे ते कंपनीच्या करारपत्रातून, ओटीएच्या, म्हणजे ऑनलाइन बुकिंग घेणाऱ्या कंपन्यांच्या, बुकिंग व्हाउचरमधून आणि वॉक-इन पाहुण्यांच्या रजिस्ट्रेशन कार्डावरून.

| प्रकार | खोल्या | दर (कर सोडून) | रक्कम |
|---|---|---|---|
| कंपनी करार | १२ | ३,२०० | ३८,४०० |
| ओटीए | ९ | २,९०० | २६,१०० |
| वॉक-इन | ६ | ३,६०० | २१,६०० |
| अधिवेशनासाठी आलेला ग्रुप | ४ | २,८०० | ११,२०० |
| एकूण | ३१ | | ९७,३०० |

पीएमएसचा आकडा ९४,७००. फरक २,६००. हा फरक तीन खोल्यांत सापडतो.

दोन ओटीए खोल्या २,९०० ऐवजी २,३२० ने चढवलेल्या आहेत. म्हणजे २० टक्के कमिशन आधीच वजा करून. दोन्हींचे मिळून १,१६० कमी. यात चोरी नाही, समजुतीचा घोटाळा आहे. पाहुण्याला २,९०० आणि त्यावरचा कर लागला, तर विक्री २,९०० च. कमिशन हा वेगळा खर्च आहे. मात्र हे लिहिण्याआधी करार वाचा. काही एजंट खोली नेट दराने विकत घेतात आणि पुढे स्वतःच्या दराने विकतात. तिथे नेट दर हीच तुमची विक्री असते.

या चुकीला कराची शेपटीही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के, इनपुट क्रेडिटशिवाय. त्यावरच्या दराला १८ टक्के. ओटीएने पाहुण्याकडून २,९०० वर १४५ घेतले आणि हॉटेलने २,३२० वर ११६ दाखवले, तर खोलीमागे २९ रुपये कर कमी भरला गेला. रक्कम किरकोळ, पण वर्षभर रोज होत असेल तर ओटीएच्या विवरणपत्रातला आणि हॉटेलच्या विवरणपत्रातला आकडा कधीच जुळणार नाही.

तिसरी खोली ३०८, वॉक-इन. रजिस्ट्रेशन कार्डावर पाहुण्याच्या सहीच्या वर दर ३,६००. पीएमएसमध्ये २,१६०. म्हणजे १,४४० ची सूट, सरळ ४० टक्के. रेट बदलाचा लॉग उघडला की दिसतं : चेक-इन २०.०५ ला ३,६०० ने झालं, रात्री १.२० ला, डे क्लोजच्या थोडं आधी, दर खाली आणला. कारणाच्या रकान्यात नुसतं 'एमजीएमटी'. पाहुणा रात्री दीड वाजता झोपेतून उठून घासाघीस करत नाही. पाहुण्याने आल्या आल्या पूर्ण पैसे रोख दिले असतील, तर करासकट ३,७८० घेऊन पुस्तकात २,२६८ आणण्याची ही जुनी रीत आहे. मंजुरीची सही कोणाची, हे विचारा. सही नसेल तर पाहुण्याला दिलेल्या पहिल्या पावतीची प्रत शोधा.

तपासा : पीएमएसमधला खोलीवरचा कर भागिले खोलीचं उत्पन्न. इथे ४,७३५ भागिले ९४,७००, बरोबर ५ टक्के. उत्तर ५ पेक्षा जास्त आलं तर ७,५०० वरची खोली शोधा. ती सापडली नाही, तर एखाद्या रेट प्लॅनमध्ये जुना १२ टक्के कर तसाच राहिला आहे. कमी आलं तर कुठल्यातरी रेट कोडला करच जोडलेला नाही.

## टप्पा ४ : गेस्ट लेजर पुढे चालवा

सर्वाधिक गोंधळ याच टप्प्यावर होतो. त्या रात्रीची विक्री आणि त्या दिवशीची जमा यांचा थेट संबंध नसतो. आज चेक-आउट करणारा पाहुणा तीन रात्रींचे पैसे देतो, कंपनीचा पाहुणा काहीच देत नाही, आणि तिसऱ्याने महिन्यापूर्वी अॅडव्हान्स दिलेला असतो. त्यामुळे विक्री वजा जमा असं करून काही हाती लागत नाही. दोघांना जोडणारा पूल म्हणजे गेस्ट लेजर, म्हणजे सध्या मुक्कामी असलेल्या पाहुण्यांकडून येणं.

कालची अखेरची बाकी १,४६,२०० होती. तिच्यात आजच्या नोंदी मिळवा : खोल्यांचे ९४,७००, त्यावरचा कर ४,७३५, आणि जेवण, लाँड्री, टॅक्सी वगैरे खोलीच्या बिलावर टाकलेलं १८,५६५. एकूण १,१८,०००. आता वजा करा : पाहुण्यांकडून मिळालेले ६८,८०० (रोख २२,४००, कार्ड ३१,६००, यूपीआय १४,८००), आधीच्या अॅडव्हान्समधून वळते केलेले १२,०००, आणि चेक-आउटच्या वेळी कंपनी व ओटीएच्या नावे सिटी लेजरला, म्हणजे उधारीच्या खात्याला, गेलेले ५४,३००.

```
146200 + 118000 - 68800 - 12000 - 54300 = 129100
```

पीएमएसमधली मुक्कामी पाहुण्यांच्या बाकीची यादी काढा. तीही १,२९,१०० दाखवते. छान जुळलं, पण हुरळून जाऊ नका. २१४ या हिशेबात कुठेच नाही आणि ३०८ कमी दरानेच आत आली आहे. जुळणीने एवढंच सिद्ध झालं की पीएमएसची बेरीज बरोबर आहे.

जुळलं नाही, तर आधी आदल्या दिवसाच्या नोंदी बघा. डे क्लोजनंतर मागच्या तारखेत कोणी अलाउन्स टाकला किंवा पावती व्हॉइड केली की कालची अखेरची बाकी आणि आजची सुरुवातीची बाकी वेगळी पडते. कालचा छापील रिपोर्ट आणि आज पुन्हा काढलेला कालचाच रिपोर्ट शेजारी ठेवले की ते दिसतं. म्हणूनच रात्रीचे रिपोर्ट रोज छापून किंवा पीडीएफ करून ठेवायचे असतात.

यादीतल्या मोठ्या बाक्यांवरही नजर टाका. वॉक-इन पाहुण्याच्या नावे चार रात्रींची बाकी थकलेली दिसली, तर एक तर तो पाहुणा निघून गेला आहे आणि खोली कागदावरच भरलेली आहे, किंवा त्याने दिलेले पैसे अजून चढलेले नाहीत. टप्पा २ मधली हाउसकीपिंगची शीट इथे पुन्हा उघडा. खोली रिकामी असेल तर पाहुणा बिल न भरता गेला असं समजण्याआधी, पावती फाडली गेली का हे बघा.

## टप्पा ५ : रोख

रोख मोजायची ती न सांगता, पाळी बदलताना, कॅशियरच्या समोर, नोटांच्या किमतीनुसार, आणि दोघांच्या सह्या घेऊन. ड्रॉवर, तिजोरी आणि बँकेत भरायचं राहिलेलं पाकीट तिन्ही एकाच वेळी. एक मोजून दुसऱ्याकडे जाईपर्यंत नोटा तुमच्या आधी तिथे पोचू शकतात.

अपेक्षित रोख काढताना गेस्ट लेजरचा २२,४०० चा आकडा पुरेसा नाही. त्याच पाळीत पुढच्या आठवड्यातल्या लग्नाच्या खोल्यांसाठी ५,००० रोख अॅडव्हान्स आला. तो अॅडव्हान्स लेजरला जातो, गेस्ट लेजरला नाही. पाहुण्याच्या टॅक्सीला ड्रॉवरमधून १,५०० दिले, ते त्याच्या बिलावर चढले. फ्लोट, म्हणजे सुट्ट्यांसाठी ड्रॉवरमध्ये कायम ठेवलेली रोख, १०,०००.

```
22400 + 5000 - 1500 + 10000 = 35900
```

मोजल्यावर ३५,९०० च निघाले. पैसा न् पैसा बरोबर, आणि तरीही त्या रात्री एक खोली पुस्तकाबाहेर विकली गेली आहे. रोख जुळली म्हणजे सगळं ठीक, असं मानणारा ऑडिटर इथेच उठून घरी जातो. पुस्तकाबाहेरचे पैसे ड्रॉवरमध्ये येतच नाहीत, मग तिथे फरक पडणार कसा? उलट रोज रुपयापर्यंत जुळणारी रोख थोडी संशयास्पद. खऱ्या ड्रॉवरमध्ये सुट्ट्यांपायी पाच-दहा रुपयांचा फरक अधूनमधून पडतोच.

इशारा : ड्रॉवरमध्ये कर्मचाऱ्याच्या उचलीची चिठ्ठी सापडली तर ती रोख म्हणून धरू नका. रोख कमी म्हणून लिहा आणि चिठ्ठीचा वेगळा उल्लेख करा.

बँकेत भरणा कधी झाला हेही बघा. सोमवारची रोख गुरुवारी भरली जात असेल, तर मधले तीन दिवस ती कोणाच्या तरी कामी येते आणि उद्याच्या जमेतून कालचा खड्डा भरला जातो.

## टप्पा ६ : कार्ड आणि यूपीआय, एकेक व्यवहार

इथे एकूण आकडा जुळवून थांबायचं नाही. प्रत्येक पावती बाहेरच्या नोंदीशी जोडायची.

कार्डाचे पीएमएसमध्ये ३१,६००, रात्री ११ च्या बॅचमध्ये २८,९००. फरक २,७००. टप्पा १ मध्ये लिहून ठेवलेल्या वेळा आता उपयोगी पडतात. पीएमएसमधली २,७०० ची पावती २३.४८ ची आहे, म्हणजे बॅच बंद झाल्यानंतरची. पुढच्या दिवसाच्या बॅचमध्ये तीच रक्कम, तेच कार्डाचे शेवटचे चार अंक आणि तोच अप्रूव्हल कोड सापडला. विषय मिटला. नुसती रक्कम सापडली असती तर मात्र मिटला नसता, कारण २,७०० चे व्यवहार हॉटेलात रोज होतात.

बँकेत २८,९०० पूर्ण येणार नाहीत. बँकेशी ठरलेलं शुल्क समजा १.५ टक्के असेल, तर ४३३.५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ७८.०३ कापून २८,३८८.४७ जमा होतील. कापलेल्या रकमेचा दर करारपत्राशी ताडा. प्री-ऑथवर थांबलेले व्यवहारही तपासा. चेक-इनला कार्डावर रक्कम रोखून धरली, पीएमएसमध्ये 'मिळाली' म्हणून पावती केली, आणि चेक-आउटला कम्प्लिशन मारायचं विसरलं, तर पैसे कधीच येत नाहीत. बॅच स्लिपवर तो व्यवहार 'सेल' म्हणून दिसणार नाही.

यूपीआयचे पीएमएसमध्ये १४,८००, सेटलमेंट रिपोर्टमध्ये ११,३००. साडेतीन हजार कमी, आणि पुढच्या दिवशीही सापडत नाहीत. ३,५०० च्या त्या पावतीसमोर १२ अंकी संदर्भ क्रमांक मात्र व्यवस्थित लिहिलेला आहे. तो क्रमांक महिन्याच्या पूर्ण यादीत शोधा. क्रमांक D रकान्यात असतील तर शेजारी हे टाका आणि खाली ओढा :

```
=COUNTIF($D$2:$D$500,D2)
```

जिथे उत्तर २ येईल तो क्रमांक दोनदा वापरला आहे. आपल्या नमुन्यात तोच क्रमांक दोन दिवसांपूर्वीच्या दुसऱ्याच खोलीच्या पावतीवर निघतो, आणि बँकेत तो एकदाच आला आहे. म्हणजे आजच्या पाहुण्याचे पैसे हॉटेलच्या खात्यात आलेच नाहीत. काउंटरवर दुसराच क्यूआर पुढे केला गेला असेल, किंवा रोख घेऊन 'यूपीआय' लिहिलं असेल. ड्रॉवर रुपयापर्यंत जुळण्याचं एक कारण हेही असू शकतं.

एक छोटी अडचण : एक्सेल १२ अंकी क्रमांक 3.21457E+11 असा दाखवतं आणि बघणारा घाबरतो. रकान्याचं फॉरमॅट आधी टेक्स्ट करून मगच क्रमांक चिकटवा. नाहीतर सुरुवातीची शून्यंही उडतात.

तपासा : पावतीसमोर स्क्रीनशॉट जोडला आहे म्हणून ती खरी मानली आहे का? स्क्रीनशॉट पुरावा नाही. बँकेचा किंवा यूपीआय सेवा देणाऱ्याचा सेटलमेंट रिपोर्ट हाच पुरावा.

## टप्पा ७ : सिटी लेजर

५४,३०० चं काय झालं हे त्या रात्रीत कळत नाही. पुढच्या महिन्यात बघावं लागतं. कंपनीच्या खोल्यांसाठी कंपनीचं पत्र आणि बिलावर पाहुण्याची सही एवढं पुरतं. अधिवेशनाच्या काळात 'बिल अमुक कार्यालयाला' असं तोंडी सांगून गेलेल्यांच्या खोल्या मात्र वेगळ्या काढा. पत्र नसलेली उधारी वसूल होत नाही, आणि मार्चमध्ये ती गुपचूप अलाउन्स होऊन नाहीशी होते.

ओटीएने पैसे आधीच घेतले असतील तर एका बुकिंगचा हिशेब असा बसतो : २,९०० आणि कर १४५ मिळून ३,०४५. त्यातून कमिशन ५८०, कमिशनवरचा जीएसटी १०४.४०, जीएसटीचा टीसीएस ०.५ टक्के म्हणजे १४.५०, आणि आयकराचा टीडीएस ०.१ टक्का, सुमारे ३ रुपये. हातात येतात साधारण २,३४३. टीसीएस आणि टीडीएस पोर्टलवर परत दिसतात, ते सोडून द्यायचे नाहीत. खोलीचा कर ५ टक्क्यांचा असल्याने कमिशनवरचा जीएसटी मात्र खर्चातच जातो.

रद्द झालेल्या आणि नो-शो बुकिंगची यादी ओटीएच्या एक्स्ट्रानेटवरून थेट काढा. ओटीए 'पाहुणा राहिला' म्हणतं आणि पीएमएस 'नो-शो' म्हणतं, अशी प्रत्येक ओळ टप्पा २ च्या खोल्यांशी लावून बघा.

## टप्पा ८ : फरक मांडणं

इथे शेवटची मोठी चूक होते. सगळे फरक एकत्र करून 'एका रात्रीत अमुक हजारांची गळती' असं लिहिलं जातं. फरक एकाच जातीचे नाहीत, त्यांची बेरीज होत नाही. चार वेगळे गट करा.

पुस्तकात न आलेली विक्री : खोली २१४, वॉक-इन दराने ३,६०० आणि कर. कमी चढवलेली विक्री : ३०८ चे १,४४०, ओटीएचे १,१६०, आणि दोन्हींवरचा कर. चढलेली पण न आलेली जमा : यूपीआयचे ३,५००. निव्वळ टायमिंग : कार्डाचे २,७००, पुढच्या बॅचमध्ये मिळाले. यूपीआयचे ३,५०० विक्रीत आधीच मोजलेले आहेत, ते पहिल्या गटात मिळवले तर तीच रक्कम दोनदा धरली जाईल.

प्रत्येक ओळीसमोर तीन गोष्टी हव्यात : पीएमएस काय म्हणतं, बाहेरचा कोणता कागद काय म्हणतो, आणि नोंद कोणाच्या लॉगिनने झाली. लॉगिन म्हणजे माणूस नव्हे, हे लक्षात ठेवा. रिसेप्शनवर एकच पासवर्ड चौघांत फिरतो. म्हणून 'अमक्याने केलं' असं न लिहिता 'या लॉगिनने, या वेळी, ड्युटी चार्टप्रमाणे हे दोघे कामावर असताना' असं लिहा.

२१४ साठी रिपोर्टमधली ओळ साधारण अशी असावी : 'पीएमएसमध्ये आउट ऑफ ऑर्डर, जॉब कार्ड नाही, अटेंडंट शीट व लिनन नोंदीप्रमाणे वापरात, २२.३७ ला की-कार्ड रात्रपाळीच्या लॉगिनने तयार. रजिस्ट्रेशन कार्ड व बिल उपलब्ध नाही.' मग त्याच लॉगिनच्या मागच्या ९० दिवसांतल्या सगळ्या पाळ्या काढा, त्या रात्रींच्या आउट ऑफ ऑर्डर खोल्यांची यादी करा, आणि फक्त तेवढ्यांसाठी टप्पा २ पुन्हा चालवा.